बारा पेयांची यादी, दोन माणसं आणि शनिवारची रात्र: कामाच्या नोंदी

६ जानेवारी, सोमवार

आजपासून आमच्या बारची कॉकटेल-मॉकटेलची यादी नव्याने बांधायला घेतली. सध्या आठ कॉकटेल आणि चार मॉकटेल आहेत. काउंटरमागे दोघं जण असतात. शनिवारी रात्री नऊ ते दहा या तासात ऑर्डरच्या चिठ्ठ्या साचतात आणि शेवटच्या टेबलाला पेय मिळायला १७ मिनिटं लागतात. गेल्या शनिवारी दोन टेबलं ऑर्डर रद्द करून उठून गेली.

खर्चाचा तक्ता आमच्याकडे आहे. त्याप्रमाणे प्रत्येक कॉकटेलचा माल विक्री किंमतीच्या १८ ते २५ टक्क्यांत बसतो. कागदावर सगळं ठीक, मग अडतंय कुठे, हे आधी शोधायचं. पुढे सगळीकडे विक्री किंमत १०० धरून आकडे लिहिले आहेत, म्हणजे कुणालाही आपल्या दरांशी ताडून बघता येतील.

८ जानेवारी, बुधवार

दुपारी बार रिकामा असताना बाराही पेयं करून वेळ मोजली. ग्लास उचलल्यापासून पेय काउंटरवर ठेवेपर्यंत. पेयं केली आमच्या सर्वात अनुभवी बारटेंडरने. सरासरी निघाली ५० सेकंद.

ही मोजणी फुकट गेली, पण ते शनिवारी कळलं.

११ जानेवारी, शनिवार

आज एक सहकारी वही आणि फोनवरचं घड्याळ घेऊन काउंटरच्या कोपऱ्यात उभी राहिली आणि नऊ ते दहाच्या गर्दीतच मोजलं. सरासरी आली ७१ सेकंद, दुपारच्या जवळजवळ दीडपट. दुपारी शेकर धुतलेला असतो, बर्फाचा डबा भरलेला असतो, मधेच कुणी बिल मागत नाही आणि दुसऱ्या माणसाचा कोपर लागत नाही. वेळ मोजायची असेल तर गर्दीतच मोजा, आणि सर्वात वेगवान माणसाची मोजू नका.

तिने आणखी एक गोष्ट टिपली, ती फार उपयोगाची ठरली. त्या तासात प्रत्येकाची साधारण १८ मिनिटं पेय करण्याबाहेर गेली: बर्फ आणणं, शेकरचा टिन विसळणं, ओटा पुसणं, ग्राहकाला उत्तर देणं. म्हणजे पेयासाठी माणशी ४२ मिनिटं, दोघांची मिळून ८४.

१२ जानेवारी, रविवार

बिलांवरून कालच्या त्या तासातले ग्लास मोजले. ८४ निघाले. ८४ ग्लास गुणिले ७१ सेकंद म्हणजे ५,९६४ सेकंद, जवळपास ९९ मिनिटं. हातात होती ८४. पंधरा मिनिटांचं काम दर शनिवारी पुढच्या तासात ढकललं जातं, आणि पुढच्या तासाच्या ऑर्डरी त्यावर चढतात. ही रांग कुणाच्या आळसाने लागत नव्हती, यादीतच ती लिहिलेली होती. दोघांना कितीही घाई करा म्हटलं तरी हिशेब जुळणार नव्हता. सरासरी ६० सेकंदांच्या आत यायला हवी, एवढं एकच लक्ष्य भिंतीवर लिहून ठेवलं.

मग पेयवार फोड केली. पुदिना आणि लिंबू कुटून करायचा मोहितो: २२ ग्लास, प्रत्येकी १०५ सेकंद. अंड्याचा पांढरा बलक घालून केलेला व्हिस्की सार: ९ ग्लास, प्रत्येकी १२० सेकंद. या दोघांचे मिळून ३१ ग्लास, पण वेळ ३,३९० सेकंद, म्हणजे एकूण वेळेतला निम्म्याहून जास्त. उरलेल्या दहा पेयांचे ५३ ग्लास सरासरी ४९ सेकंदांत होत होते.

बाराच्या बारा पेयं बदलायची गरज नाही, हे आज कळलं. जीव थोडा हलका झाला.

१३ जानेवारी, सोमवार

मालाच्या खर्चावरून मोहितो आमचं चांगलं पेय वाटत होतं. तक्त्यात १८, म्हणजे हातात ८२. पण तक्ताच चुकीचा निघाला.

तक्त्यात एका लिंबाचा रस ३० मिलि धरला होता. आज ५० लिंबं पिळून मोजली: एक लिटर ६० मिलि, म्हणजे लिंबामागे २१. पेयात २५ मिलि जातो, म्हणजे एका लिंबात भागतच नाही. शिवाय शनिवारी आम्ही चार लिटर रस काढतो आणि रात्री पाऊण लिटरच्या वर ओतून देतो, कारण दुसऱ्या दिवशी त्याचा ताजेपणा गेलेला असतो आणि चवीत कडवटपणा येतो. हे दोन्ही धरलं तर तक्त्यातला लिंबाचा ४ हा आकडा खरा ७ होतो. पुदिन्याची जुडी निवडताना काळी पानं निघतात, ती कुणी धरलीच नव्हती. त्याचा आणखी एक. मोहितोचा खरा खर्च २२.

आता वेळ धरून बघितलं. मोहितोतून ७८ उरतात, पण पावणेदोन मिनिटांत. म्हणजे मिनिटाला ४५. साधा जिन आणि टॉनिकचा उंच ग्लास: खर्च २४, उरतात ७६, वेळ ३० सेकंद. मिनिटाला १५२. एकाच किंमतीची दोन पेयं, पण गर्दीच्या तासात एक दुसऱ्याच्या तिप्पट देतं.

हा हिशेब फक्त गर्दीच्या तासालाच लावायचा. मंगळवारी संध्याकाळी बारटेंडर रिकामा उभा असतो, तेव्हा मोहितोला दोन मिनिटं लागली तरी काही बिघडत नाही. तेव्हा मालाचा खर्चच बघायचा.

१५ जानेवारी, बुधवार

सोपा उपाय म्हणून मोहितो यादीतून काढायचा ठरवला. यादी छापूनही आणली.

१८ जानेवारी, शनिवार

तो निर्णय फसला. यादीत नव्हता तरी नऊ ते दहात १७ जणांनी मोहितो मागितला. पुदिना आणि लिंबू समोर दिसतात, नाही कसं म्हणणार? उलट आणखी वाईट झालं, कारण त्याचं सामान आज हाताशी मांडलेलं नव्हतं. प्रत्येक वेळी फ्रिजपर्यंत जाऊन यावं लागलं. छपाईचा खर्च वाया गेला आणि एक शनिवार गेला.

ज्याचं नाव लोकांना पाठ आहे ते पेय यादीतून काढून जात नाही. त्याची कृती बदलावी लागते.

२० आणि २१ जानेवारी

दोन दिवस फक्त मोहितोवर. सहकारी समोर बसून प्रत्येक हालचाल लिहीत होती. पानं तोडणं १५ सेकंद. सरबताची बाटली उचलून, जिगर या छोट्या मापाने मोजून, परत ठेवणं ८. लिंबू ८. रम ८. कुटणं २०. बर्फ ठेचणं आणि भरणं २५. उरलेला वेळ सोडा, ढवळणं, सजावट. दारू ओतायला वेळ लागतच नाही, वेळ जातो ती पानं, ते कुटणं आणि तो बर्फ यांत.

पहिला प्रयोग: पुदिन्याचं सरबत. पानं थेट सरबतात घालून मिक्सरमधून काढली. चारला हिरवंगार होतं, आठला शेवाळी तपकिरी. ओतून दिलं. दुसऱ्यांदा पानं उकळत्या पाण्यात १५ सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली, मग वाटून गाळली. गरम पाण्याने पानं काळी पाडणारा घटक निकामी होतो, त्यामुळे रंग दुसऱ्या दिवशीही टिकला. पण वास पडला. ताज्या पुदिन्याचा जो वास नाकाला आधी लागतो, तो गेला. मोहितोत तोच नसेल तर उपयोग काय? हा मार्ग सोडला.

दुसरा प्रयोग: रम, सरबत आणि लिंबू तिन्ही आधीच बाटलीत. वेगाला अप्रतिम. पण दुसऱ्या दिवशी लिंबाचा रस मेलेला, आणि त्याच्यासोबत चांगली रमही गेली. अकरा ग्लासांचा माल मोरीत ओतला. लिंबाचा रस बॅचमध्ये घालायचा नाही, हे मी आधी ऐकलेलं होतं, तरी करून बघितलं. तुम्ही करू नका. बॅचमध्ये फक्त जे टिकतं ते, म्हणजे दारू आणि साखर.

तिसरा जमला. रम ७०० मिलि आणि साखरेचं सरबत २८० मिलि एका बाटलीत, म्हणजे १४ पेयं. प्रत्येकात या बाटलीतले ७० मिलि आणि लिंबू २५. पानं दुपारीच निवडून ओल्या कापडात गुंडाळून डब्यात. आठ पानं तळहातावर एकदा जोरात थोपटून ग्लासात, वर ठेचलेला बर्फ, बारच्या लांब चमच्याने तळापासून चार-पाच वेळा घुसळायचं, सोडा, आणि स्ट्रॉच्या अगदी शेजारी पुदिन्याचा तुरा. कुटणं बंद. बर्फ गर्दीआधीच ठेचून वेगळ्या डब्यात.

आम्ही सहा जणांनी डोळे मिटून चव घेतली. दोघांना पुदिना कमी वाटला. तुरा नाकाजवळ आणल्यावर त्यातल्या एकाला दोन्ही सारखे वाटले. दुसरा अजूनही कुटलेलाच बरा म्हणतो, आणि तो खोटं बोलत नाही, फरक थोडा आहेच. पण कुटलेल्या पानांचे तुकडे स्ट्रॉत अडकतात म्हणून आठवड्याला दोन-तीन ग्लास परत यायचे, ते आता थांबेल. दुपारी वेळ ४० सेकंद. गर्दीत ५० धरतोय.

२३ जानेवारी, गुरुवार

व्हिस्की सार. मला वाटत होतं की दोनदा शेक करायला लागतं, आधी बर्फाशिवाय आणि मग बर्फ घालून, तिथेच वेळ जातो. मोजल्यावर कळलं की दोन्ही शेक मिळून २५ सेकंदच जातात. खरा वेळ जातो अंडं फोडून बलक वेगळा करणं, टरफल टाकणं आणि हात धुणं यात. त्यानेच ३५ सेकंद खाल्ले.

आता निर्जंतुक केलेला पांढरा बलक संध्याकाळी गाळून, नळी असलेल्या पिळायच्या बाटलीत, बर्फात. पेयाला २५ मिलि. रात्री उरलेला टाकून द्यायचा, दुसऱ्या दिवसासाठी अजिबात ठेवायचा नाही. यादीत पेयाखाली अंड्याचा उल्लेख ठळक केला. दोन्ही शेक तसेच ठेवले, कारण एकदा शेक केल्यावर फेस दोन मिनिटांत बसला. वेळ ८० सेकंदांवर. अजूनही यादीतलं सर्वात संथ पेय आहे, पण असं एखादं चालतं. दुसरं नको.

२४ जानेवारी, शुक्रवार

नेग्रोनी बाटलीत भरून ठेवायचा घाट घातला. जिन, कांपारी, लाल वर्मुथ प्रत्येकी ३० मिलि. तीन बाटल्या, तीन वेळा जिगर, मग ढवळणं: ७० सेकंद. तिन्ही आधीच मिसळले तर एकच ओतणं.

ढवळताना बर्फ वितळून पेयात पाणी जातं, तेही बाटलीत घालायला हवं. ९० मिलिला २२ मिलि पाणी घालून बाटली डीप फ्रीझरमध्ये ठेवली. संध्याकाळी बघतो तर आत बर्फाचा चिखल, ओतताच येईना. पाणी घातल्यावर त्यात अल्कोहोल एकवीस-बावीस टक्के उरतं, आणि उणे १८ अंशांवर ते द्रव राहत नाही.

बाटली साध्या फ्रिजमध्ये हलवली. पण चार अंशांचं पेय ग्लासातल्या बर्फावर ओतलं की बर्फ आणखी वितळतो, आणि पेय पाणचट लागलं. पाणी २२ वरून १५ मिलि केलं, मोठा एकच बर्फाचा ठोकळा घातला. आता बरोबर. वेळ २५ सेकंद. वर्मुथ उघडल्यावर हळूहळू बिघडतं, म्हणून आठवड्यात संपेल एवढीच बॅच करतो.

२७ जानेवारी, सोमवार

मॉकटेलकडे आज पहिल्यांदा नीट बघितलं, आणि तक्त्यातलं सर्वात महाग पेय तिथेच सापडलं. अननस-आल्याचं: १२० मिलि ताजा अननस रस, आल्याचा रस, लिंबू. माल ३६. दारू नाही म्हणून ते स्वस्तच असणार, असं आम्ही गृहीत धरलं होतं. पण त्याची विक्री किंमत कमी असते आणि ग्लास भरायला रस भरपूर लागतो.

अननस ५० मिलिवर आणून उरलेला ग्लास सोड्याने भरला. खर्च खाली आला आणि पेय मेलं. पातळ, गोड, घशात काहीच राहत नाही. दारूचा जो झणका आणि भार असतो, त्याची जागा रसाचा गोडवा घेत होता. तो काढल्यावर तिथे काही ठेवायला हवं.

काळ्या चहाने काम झालं. लिटरभर थंड पाण्यात ३० ग्रॅम चहा रात्रभर फ्रिजमध्ये भिजवून गाळला. त्यातले ८० मिलि पेयात. चहाचा तुरटपणा जिभेवर पकड देतो आणि त्याचा खर्च नगण्य. आलं साखरेच्या पाकात उकळल्यावर त्याचा झणका मवाळ होतो, म्हणून ताजा रस काढून त्यात वजनाने तेवढीच साखर विरघळवली, २० मिलि. लिंबू १५. शेवटी मिठाच्या पाण्याचे तीन थेंब (२० ग्रॅम मीठ, ८० ग्रॅम पाणी). मीठ म्हणून ते लागत नाही, पण अननस पुढे येतो. वर सोडा. खर्च २२, शेक नाही, ३० सेकंद.

या आल्याच्या सरबतात तळाशी पांढरा साका बसतो. बाटली न हलवता ओतली तर पहिले ग्लास फिके आणि शेवटचे पिठूळ. बाटलीवर "हलवा" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय.

२८ जानेवारी, मंगळवार

दोघांनी केलेल्या सरबताची गोडी वेगवेगळी लागत होती. एक जण वजनाने साखर घेत होता, दुसरा मापाच्या भांड्याने. भांडंभर साखरेचं वजन भांडंभर पाण्यापेक्षा कमी भरतं, म्हणून दुसऱ्याचं पातळ होत होतं. आता काटा काउंटरखालीच ठेवला. एक किलो साखर आणि एक लिटर पाणी, सुमारे १.६ लिटर सरबत होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

नवी कृती, जुनी मांडणी. सरासरी ५८. लक्ष्याच्या आत, पण जेमतेम. अपेक्षा त्याहून बरीच जास्त होती.

कारण उभं राहून बघितल्यावरच दिसलं. मोहितोचा ठेचलेला बर्फ एकाच्या बाजूला आणि पुदिना दुसऱ्याच्या. प्रत्येक मोहितोला कुणीतरी कुणाच्या तरी पाठीमागून जात होता. शिवाय लिंबू संपलं ते साडेनऊला, सगळ्यात वाईट वेळी. ओतून द्यावा लागू नये म्हणून मी रस तीनच लिटर काढायला सांगितला होता. बचत करायला गेलो आणि गर्दीत एक माणूस सात मिनिटं लिंबं पिळत बसला.

आता रस दोन खेपांत काढतो. अडीच लिटर सहा वाजता, आणि दुसरी खेप सव्वाआठला, तोवर किती गेला ते बाटलीवरच्या रेघेवरून बघून. ओतून द्यायचा रस त्याने कमी होईल आणि नऊला हात मोकळे राहतील.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मांडणी बदलली. शेकर लागणारी सगळी पेयं डावीकडे, ग्लासातच बांधायची उजवीकडे. मोहितो उजवीकडे: बॅच, लिंबू, पानं, ठेचलेला बर्फ, सगळं एका हाताच्या अंतरात. यादीची पानंही बदलली. वर तीन वेगवान पेयं, व्हिस्की सार तिसऱ्या ओळीखाली. आमच्याकडे लोक बहुधा वरचीच मागतात, हे बिलांवरून दिसतं.

शेकरची पेयं पाचवरून तीन केली. चार जणांच्या टेबलाने चार वेगवेगळी शेकरची पेयं मागितली की एक माणूस पाच मिनिटं गुंततो, कारण प्रत्येक वेळी टिन विसळावा लागतो. तीनच असली की चौघांत किमान दोघं एकच पेय मागतात आणि ती दोन एकाच टिनमध्ये होतात. दोनाच्या वर एका टिनमध्ये करू नका, बर्फ पुरत नाही आणि पेय कोमट राहतं.

काढलेल्या दोनांपैकी एकावर माझा जीव होता. पण त्याला सात बाटल्या लागायच्या आणि शनिवारी ते तीन जण मागायचे.

८ फेब्रुवारी, शनिवार

नऊ ते दहात ९१ ग्लास. सरासरी ५२ सेकंद. ९१ गुणिले ५२ म्हणजे ७९ मिनिटं, हातातल्या ८४ च्या आत. शेवटच्या टेबलाला पेय मिळायला ८ मिनिटं लागली. टाकून दिलेला रस २०० मिलि.

मोहितोचा खर्च आता २१. ५० सेकंदांत ७९ उरतात, म्हणजे मिनिटाला ९५. जिन-टॉनिकच्या खालीच आहे, पण आता तो दिसला की कपाळाला आठी पडत नाही.

तयारीचं काम मात्र वाढलं. पानं निवडणं, बॅच, चहा, सरबत, गाळणं मिळून दुपारी ७० मिनिटं जातात, आधी ३० जायची. ही ४० मिनिटं तक्त्यात कुठेच नव्हती. माणसाच्या तासाच्या दराने काढून शनिवारी विकल्या गेलेल्या एकूण ग्लासांवर वाटली, तर ग्लासामागे एकाच्याही आत येतात, म्हणून मान्य केली. आठवड्याच्या मधल्या दिवशी विक्री कमी असते आणि तोच भार ग्लासामागे पाचावर जातो. म्हणून सोमवार ते गुरुवार बॅच अर्धी करतो आणि पानं मागणी आल्यावरच निवडतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

आल्याचं सरबत तिसऱ्या दिवशी मवाळ पडतं, असं चवीवरून दिसतंय. आता शुक्रवारी आणि सोमवारी अशा दोन छोट्या खेपा. बाटलीवर तारीख चिकटवायला आजपासून सुरुवात केली. मंगळवारपासून नेग्रोनीच्या बॅचवरही.